कोरडी माती, चिखल आणि टर्फ: फुटबॉल बुटांचे स्टड कसे निवडावेत

प्रश्न: मी २२ वर्षांची आहे आणि पुण्यात एका महिला संघाकडून राइट बॅक म्हणून खेळते. आठवड्यातून दोनदा भाड्याच्या टर्फवर सराव असतो, सामने मातीच्या मैदानावर होतात आणि पावसाळ्यात कोकणात स्पर्धा असतात. माझ्याकडे एफजीचा, पात्यांसारखे स्टड असलेला एकच जोड आहे. टर्फवर वळताना गुडघ्याला ओढ बसते आणि कोरड्या मैदानावर करंगळीच्या बाजूला तळव्यात दुखते. मला एफजी, एसजी, एजी असे तीन जोड घ्यावे लागतील का? दुखापतीचा बुटांशी खरंच संबंध असतो का?

उत्तर:

तीन जोड लागणार नाहीत. बहुधा दोन पुरतील, आणि त्यांतला एक तुमच्याकडे आधीच आहे. मात्र तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे ठरवावे लागेल. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षे फुटबॉल खेळाडूंसोबत काम करतो आहे. तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारी, म्हणजे टर्फवर गुडघ्याला बसणारी ओढ आणि कोरड्या मातीवर तळव्याच्या बाहेरच्या कडेला होणारी वेदना, एकाच खेळाडूच्या तोंडून मी अनेकदा ऐकल्या आहेत. त्यांची कारणे मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहेत. टर्फवर तुमचे स्टड गरजेपेक्षा जास्त रुततात आणि कोरड्या मातीत ते रुततच नाहीत. निवडीचा सगळा विचार या एका फरकापासून सुरू होतो.

स्टडचे काम दोन प्रकारचे असते. धावताना, थांबताना आणि झपकन दिशा बदलताना पाय सरळ रेषेत घसरू नये, हे पहिले काम. ही पकड कमी पडली की खेळाडू घसरतो, आणि घसरणारा पाय सावरताना जांघेचे किंवा मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात. दुसरी गोष्ट अशी की पाय जमिनीवर टेकलेला असताना शरीर वळते आणि त्या वेळी पायालाही थोडे फिरू द्यावे लागते. इथे पकड जितकी जास्त, तितका पाय जागच्या जागी अडकतो आणि वळण्याचा सगळा पीळ घोट्यावर व गुडघ्यावर येतो. दुकानात आपण ‘ग्रिप चांगली आहे का’ एवढेच विचारतो. पण सरळ रेषेतली पकड हवीशी आणि फिरण्याला होणारा अडथळा मर्यादित, असे दोन्ही एकत्र मिळायला हवे. एकच तळ एका मैदानावर हा समतोल साधतो आणि दुसऱ्या मैदानावर तो बिघडवतो.

गुडघ्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याच्या घटनांपैकी बऱ्याच घटनांमध्ये समोरच्या खेळाडूचा धक्का गुडघ्याला लागलेलाच नसतो. खेळाडू वेगात येतो, प्रतिस्पर्ध्याला अडवण्यासाठी एका पायावर थांबून बाजूला वळतो, त्या क्षणी गुडघा जवळजवळ सरळ असतो, तो आतल्या बाजूला झुकतो आणि पाऊल मात्र जमिनीला खिळलेले राहते. पाऊल टेकल्यानंतर सेकंदाच्या अगदी छोट्या भागात हे घडून जाते, त्यामुळे ‘मी सावरेन’ म्हणायला वेळच नसतो. राइट बॅकच्या जागेवर विंगरला रोखताना अशी वळणे सामन्यात पुन्हा पुन्हा येतात. शिवाय फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये या दुखापतीचे प्रमाण त्याच पातळीवरच्या मुलांच्या तुलनेत दुप्पट किंवा त्याहूनही जास्त आढळलेले आहे. म्हणून टर्फवर बसणारी ओढ तुम्ही किरकोळ समजू नये, असे मला मनापासून वाटते.

आता बुटांचा संबंध किती, यावर प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ते थोडे गुंतागुंतीचे आहे. वेगवेगळे स्टड वेगवेगळ्या पृष्ठभागांवर फिरताना वेगवेगळा अडथळा निर्माण करतात, हे प्रयोगशाळेत आणि मैदानावर मोजून दाखवता येते आणि त्याबद्दल फारसा वाद नाही. त्या अडथळ्यातून प्रत्यक्ष किती दुखापती होतात, हे सिद्ध करणे कठीण आहे, कारण थकवा, स्नायूंची ताकद, आधीची दुखापत, मैदानाची अवस्था हे सगळे त्यात मिसळलेले असते. तरीही १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. तो अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शालेय मुलांवर केलेला होता. तळाच्या कडेने लांब, अनियमित आकाराचे स्टड असलेल्या बुटांचा फिरण्याला होणारा अडथळा इतर बुटांपेक्षा जास्त होता आणि ते बूट वापरणाऱ्यांमध्ये एसीएलच्या दुखापतीही जास्त आढळल्या. खेळ वेगळा आहे, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत, पण पायाला खिळवणारा तळ गुडघ्याला महाग पडतो या दिशेने तो पुरावा बोट दाखवतो. कृत्रिम टर्फबद्दलही असेच सांगावे लागेल. २००६ मध्ये युरोपातल्या व्यावसायिक संघांच्या अभ्यासात टर्फवर एकूण दुखापती गवतापेक्षा जास्त आढळल्या नाहीत, मात्र घोटा मुरगळण्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे टर्फ मुळातच घातक आहे असे म्हणता येत नाही. त्यावर काय घालून खेळता आणि तो टर्फ कोणत्या अवस्थेत आहे, यावर बरेच काही ठरते.

खोक्यावरच्या अक्षरांकडे वळू. एफजी म्हणजे टणक नैसर्गिक मैदान, एसजी म्हणजे मऊ मैदान, एजी म्हणजे लांब धाग्यांचे कृत्रिम गवत आणि टीएफ म्हणजे आखूड धाग्यांचा किंवा जुना, कडक टर्फ. या अक्षरांमुळे आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे. आपली कोरडी मैदाने टणक असतात, म्हणून त्यांवर एफजी चालणार, असे खेळाडू आणि दुकानदार दोघेही गृहीत धरतात. परंतु एफजी तयार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नियमित पाणी दिलेले, दाट हिरवळीचे, किंचित ओलसर मैदान असते, ज्यात सुमारे १० ते १३ मिलिमीटरचा स्टड पूर्णपणे आत जातो आणि बुटाचा तळ गवताला टेकतो. आपल्याकडे दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर गवत उरलेले नसते, रोलर फिरवून दाबलेली माती किंवा मुरूम असतो आणि काळी माती असेल तर ती सुकून भेगाळते. अशा जमिनीत एफजीचा स्टड जेमतेम टोकापुरता शिरतो आणि खेळाडू उभा सामना स्टडच्या टोकांवर तोलत राहतो.

तुमच्या तळव्याच्या दुखण्याचे मूळ बहुधा इथेच आहे. एफजी बुटाच्या चवड्याखाली साधारण सात-आठ स्टड असतात, तर एजीच्या चवड्याखाली त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि आखूड असतात. स्टड जमिनीत शिरले तर तळव्याचे वजन सगळ्या तळावर पसरते, पण शिरलेच नाहीत तर ते वजन त्या मोजक्या टोकांवरून परत पायात येते. धावताना आणि वळताना हे वजन शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट होते. करंगळीकडच्या पाचव्या लांब हाडाच्या डोक्याखाली किंवा त्या हाडाच्या मागच्या टोकाजवळ स्टड आला तर प्रत्येक वळणाला तो तिथेच टोचतो. पात्यांसारख्या स्टडमध्ये पायाच्या बाहेरच्या कडेवरचा दाब गोल स्टडपेक्षा जास्त येतो, हे पायाखालचा दाब मोजणाऱ्या प्रयोगांत दिसले आहे. महिला खेळाडूंच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. बाजारातले बहुतेक बूट पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बेतलेले असतात, त्यामुळे लांबी बरोबर असली तरी स्टडची जागा आणि तुमच्या हाडांची जागा जुळेलच असे नाही.

यातले एक उदाहरण तपशिलात सांगतो. कॉलेजच्या संघात मधल्या फळीत खेळणारी एक मुलगी जानेवारीत माझ्याकडे आली. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मुळाशी दुखत होते, सामन्याच्या उत्तरार्धात जास्त आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोडे कमी. मी तिला बूट सोबत आणायला सांगितले होते. आतली गादी काढून पाहिली तर करंगळीच्या मुळाखाली एक स्पष्ट खोलगट ठसा उमटलेला होता आणि तो बाहेरच्या पहिल्या स्टडच्या अगदी वर होता. तळ पाहिला तर तोच स्टड इतरांपेक्षा जास्त झिजलेला होता. पायाचा चवडा रुंद होता आणि बूट अरुंद, त्यामुळे चवडा बाहेरच्या बाजूला ओसंडून नेमका त्या स्टडवर येत होता. हाडावर बोटाने दाबल्यावर दुखत होते, म्हणून आधी एक्स-रे काढायला सांगितला. त्यात हाडाला इजा नव्हती. तीन आठवडे धावणे बंद ठेवले, त्या काळात पोहणे आणि सायकल चालू ठेवली. नंतर तिने त्याच लांबीचा, पण चवड्याला रुंद आणि गोल आखूड स्टडचा एजी जोड घेतला आणि कोरड्या मैदानावर तोच वापरायला सुरुवात केली. हंगामाच्या अखेरीपर्यंत ती तक्रार पुन्हा आली नाही. इथे नेमके काय बदलले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्टडची उंची, संख्या आणि बुटाची रुंदी या तिन्ही गोष्टी बदलल्या, त्यामुळे कोणत्या एका गोष्टीने फरक पडला हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आतल्या गादीवरचा ठसा आणि झिजलेला स्टड ही दोन चिन्हे कुणालाही घरी तपासता येतात. तुम्ही आजच आपली गादी काढून पाहावी आणि दुखऱ्या जागेशी ठसा जुळतो का ते तपासावे.

मैदान कोणत्या प्रकारात बसते, हे ठरवण्यासाठी मी एक सोपी पद्धत वापरतो. दुचाकीची किल्ली घेऊन ती अंगठ्याच्या जोराने जमिनीत दाबायची, आणि ती मैदानाच्या मधोमध, पेनल्टी बॉक्समध्ये आणि कडेच्या रेषेजवळ अशा तीन ठिकाणी दाबून पाहायची, कारण एकाच मैदानावर या तिन्ही जागा वेगळ्या असू शकतात. किल्लीचे टोक एक-दोन मिलिमीटरही जात नसेल तर ते मैदान एफजीसाठी नाही आणि तिथे एजी किंवा टीएफ घालावा. एक-दीड सेंटिमीटरपर्यंत जरा जोर लावून जात असेल तर एफजी शोभतो. किल्ली सहज दोन-तीन सेंटिमीटर जात असेल आणि बाजूची माती तिच्याभोवती वर येत असेल, तर एसजीचा विचार करायला हरकत नाही. सामन्याआधी वॉर्म-अप करताना स्वतःच्या पाऊलखुणाही पाहाव्यात. स्टडची फक्त टोके उमटली आहेत, की तळाचाही ठसा आहे, यावरून बरेच समजते.

एसजीबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण तुम्हाला त्याची गरज कमी आहे. या बुटांना सहसा सहा, कधी काही जास्त, फिरवून बसवायचे लांब स्टड असतात आणि ते बहुधा धातूचे असतात. ते खोल, मऊ आणि गवत असलेल्या ओल्या मैदानासाठी असतात. कोकणातल्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत पाणी लवकर जिरते, त्यामुळे पाऊस थांबल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तिथे एफजी व्यवस्थित चालतो. तुमच्या कोकणातल्या स्पर्धांसाठी हाच जोड, पात्यांऐवजी गोल स्टडचा असेल तर उत्तम, पुरेसा ठरेल असे मला वाटते. देशावरच्या काळ्या मातीचे तसे नाही. ती पाणी धरून ठेवते आणि चिकट होते. तिथे कितीही लांब स्टड लावले तरी स्टडच्या मधल्या जागेत मातीचा गोळा बसतो आणि काही मिनिटांत तळ सपाट होऊन जातो. अशा वेळी स्टड जितके कमी आणि एकमेकांपासून दूर, तितकी माती कमी अडकते. सोबत एक कडक ब्रश आणि लाकडाची चपटी काडी ठेवावी आणि प्रत्येक विरामात तळ साफ करावा, याचा फायदा नव्या बुटांपेक्षा जास्त होतो.

एसजीचा धोका वेगळा आहे. पहिल्या अर्ध्या सामन्यात चिखल असलेले मैदान ऊन पडले की दुसऱ्या अर्ध्यात सुकू लागते आणि मग तेच सहा लांब स्टड पायाला जमिनीत रोवून ठेवतात किंवा टणक जागी खेळाडूला सहा टोकांवर उभे करतात. म्हणून एसजी घेऊन जाणाऱ्याने दुसरा जोड पिशवीत ठेवलाच पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे धातूच्या स्टडच्या कडा. सिमेंटच्या पायऱ्यांवरून किंवा पार्किंगमधून चालल्यावर त्या कडांना धार येते आणि एखाद्या टॅकलमध्ये समोरच्याची पोटरी फाटते. खेळाडूचे साहित्य कोणालाही धोकादायक नसावे असा खेळाचा नियम आहे आणि रेफरीने तपासणीत असे बूट नाकारले तर ते योग्यच आहे. बोट फिरवून धार जाणवली तर तो स्टड बदलावा. धातूचे स्टड भाड्याच्या टर्फवर घालून जाऊ नयेत, कारण धागे कापले जातात आणि बहुतेक ठिकाणी त्यांना मनाईही असते.

आता टर्फ. तुमच्या गुडघ्याच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. टर्फ म्हणून आपण ज्याला हाक मारतो, त्यात दोन फार वेगळ्या गोष्टी येतात. पहिला चांगला, लांब धाग्यांचा टर्फ, ज्यात धागे साधारण ४० ते ६० मिलिमीटर लांब असतात आणि त्यांच्या मुळाशी वाळू व रबराचे बारीक दाणे भरलेले असतात. दाण्यांच्या वर धाग्याचे वरचे १५ ते २० मिलिमीटर मोकळे दिसतात. मुंबईतल्या कूपरेजसारख्या मोठ्या मैदानांवर अशा प्रकारचा टर्फ असतो. फिफाच्या दर्जाच्या चाचणीत टर्फ फिरण्याला किती अडथळा करतो हेही मोजले जाते आणि त्याला खालची व वरची अशा दोन्ही मर्यादा असतात. अडथळा फार जास्त असणेही दोष मानले जाते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दुसरा प्रकार म्हणजे आपल्या गल्लीबोळांतले पाच-सात जणांचे भाड्याचे टर्फ. त्यांतले काही चांगले असतात. पण अनेक ठिकाणी काँक्रीटवर टर्फ अंथरलेला असतो, रबराचे दाणे वाऱ्या-पावसाने आणि झाडण्याने उडून गेलेले असतात आणि धागे एका दिशेला चपटे झालेले असतात.

एफजीचा लांब, पात्यासारखा स्टड पहिल्या प्रकारच्या टर्फमध्ये पूर्ण शिरतो आणि रबराच्या दाण्यांत व धाग्यांच्या जाळीत अडकतो. मातीत एवढा पीळ पडला तर गवताचा तुकडा उखडतो आणि पाय सुटतो. पण टर्फचे धागे खालच्या कापडाला घट्ट विणलेले असतात आणि ते उखडत नाहीत. तुम्हाला वळताना गुडघ्याला जी ओढ जाणवते, ती बहुधा न सुटणाऱ्या पावलाचीच आहे. एजीचे स्टड आखूड, गोल आणि संख्येने जास्त असतात, तळभर पसरलेले असतात. ते खोलवर रुतत नाहीत आणि गोल असल्यामुळे कुठल्याही दिशेने फिरताना सारखाच अडथळा करतात. पाती मात्र ज्या दिशेला रुंद असतात त्या दिशेला जास्त अडतात. बुटाच्या दृष्टीनेही हेच खरे आहे. एफजी बूट टर्फवर वापरले तर स्टडच्या मुळाशी तळाला भेगा पडण्याची शक्यता वाढते आणि अनेक उत्पादक अशा वापरावर वॉरंटी देत नाहीत.

दुसऱ्या, म्हणजे दाणे उडालेल्या आणि कडक टर्फवर एजीदेखील कधी कधी जास्त होतो. स्टड काँक्रीटच्या थराला टेकतात आणि पुन्हा टोकांवर उभे राहण्याचीच वेळ येते. तिथे टीएफचे छोटे, दाट रबरी उंचवटे असलेले बूट सर्वांत योग्य असतात. त्यांची पकड कमी वाटते आणि पहिल्या दिवशी खेळाडू तक्रार करतात, पण काही सरावांनंतर पाय त्याला सरावतो. वापरत असलेला टर्फ कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्यासाठी गोलच्या पुढे, कोपऱ्यात आणि मधल्या वर्तुळात बोटांनी धागे बाजूला करून पाहावे. दाणे दिसत नसतील किंवा खालचे कापड दिसत असेल तर तो टर्फ टीएफसाठी आहे. गोलच्या पुढे असे असणे फारच सामान्य आहे आणि नेमके तिथेच बचावफळीला सर्वांत जास्त वळावे लागते. दुपारच्या उन्हात हा टर्फ मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतो, त्यामुळे पातळ तळाच्या बुटात पायाला फोड येतात. शक्य असेल तर सरावाची वेळ सकाळची किंवा संध्याकाळची निवडावी.

नवीन जोड घेतल्यावर टर्फवर एक छोटी चाचणी करून पाहावी. चवड्यावर वजन घेऊन, गुडघा थोडा वाकवून, हळूहळू शरीर बाजूला वळवावे. पायाने थोडा विरोध करावा आणि मग घासत फिरावे. तो अजिबात फिरत नसेल आणि पीळ सरळ गुडघ्यात जाणवत असेल, तर तो तळ त्या मैदानासाठी नाही. तुमच्या गुडघ्याला सध्या ओढ बसते आहे, म्हणून ही चाचणी तुम्ही वजन दोन्ही पायांवर वाटून आणि अगदी सावकाश करावी. तरीही दुखले तर पुढे करून पाहू नये.

आता तुमच्या आठवड्याकडे पाहू. दोन सराव टर्फवर, सामने कोरड्या मातीवर आणि वर्षातले काही दिवस कोकणात. टर्फवरच्या आणि कोरड्या मातीवरच्या दोन्ही गरजा एक चांगला, गोल आखूड स्टडचा एजी जोड भागवू शकतो, म्हणून पैसे त्यावर खर्च करावेत. तुमचा टर्फ दाणे उडालेला असेल आणि मैदान मुरमाचे असेल, तर मी एजीऐवजी टीएफ सुचवेन. सध्याचा एफजी जोड पावसाळ्यातल्या ओल्या मैदानासाठी राखून ठेवावा आणि टर्फवर आजपासून घालू नये. ‘मल्टी ग्राउंड’ म्हणजे एमजी लिहिलेले बूट मध्यममार्ग म्हणून चालतात, पण घेण्याआधी तळ पाहावा. काही एमजी बूट एफजीच्या जवळ असतात आणि काही एजीच्या, त्यामुळे अक्षरांवर विसंबण्यापेक्षा स्टडची उंची, आकार आणि संख्या स्वतः पाहिलेली बरी.

बूट विकत घेताना मापाबद्दल एवढे सांगेन की संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि सामन्यातले मोजे घालून बूट घालून पाहावेत. पुढे अंगठ्याच्या टोकापाशी पाच ते आठ मिलिमीटर जागा असावी आणि चवडा बुटाच्या कडेवर ओसंडत नसावा. बूट हातात घेऊन वाकवला तर तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. पायाच्या कमानीपाशी वाकणारा बूट परत द्यावा. आतून तळावर बोटे दाबत जाऊन स्टडची टोके कुठे जाणवतात ते पाहावे आणि करंगळीच्या मुळाखाली एखादा स्टड स्पष्ट जाणवत असेल तर दुसरा साचा निवडावा. नव्या बुटात पहिला पूर्ण सामना कधीही खेळू नये. वॉर्म-अपपासून सुरू करून तीन-चार सरावांत हळूहळू वेळ वाढवावी. मैदानाचा प्रकार बदलतो त्या आठवड्यातही हेच करावे, कारण पावसाळा संपून कोरड्या मातीवर परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे पोटरी, टाच आणि तळव्याच्या तक्रारी वाढलेल्या मी दरवर्षी पाहतो.

बूट बदलले म्हणजे गुडघा सुरक्षित झाला, असे समजू नये. वळताना गुडघा आत झुकू न देण्याची ताकद आणि सवय ही सरावातून येते. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्म-अप याच हेतूने तयार केलेला आहे आणि तो नियमितपणे करणाऱ्या संघांमध्ये दुखापती बऱ्यापैकी कमी झालेल्या आढळल्या आहेत. तो साधारण वीस मिनिटांचा आहे, मोफत उपलब्ध आहे आणि आठवड्यातून किमान दोनदा केला तर उपयोगी पडतो. तुमच्या प्रशिक्षकांना तो संपूर्ण संघासाठी सुरू करायला सांगावे.

शेवटचा मुद्दा तुमच्या सध्याच्या दुखण्याबद्दल. बूट बदलून दोन आठवडे पाहावे, असे मी तळव्यासाठी तेव्हाच म्हणेन, जेव्हा दुखणे फक्त खेळताना असेल आणि हाडावर बोटाने दाबल्यावर नसेल. बाहेरच्या कडेला मध्यभागी, पाचव्या हाडाच्या मागच्या टोकाशी दाबून दुखत असेल, रोज चालतानाही जाणवत असेल किंवा एका पायावर उडी मारता येत नसेल, तर खेळणे थांबवून एक्स-रे काढावा. तिथल्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिथली चीर भरायला वेळ लागतो आणि त्यावर खेळत राहिल्यास ती पूर्ण तुटू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये चीर दिसली नाही आणि दुखणे तसेच राहिले, तर डॉक्टरांकडे एमआरआयबद्दल विचारावे. गुडघ्याच्या बाबतीत ओढ फक्त एफजी घालून टर्फवरच बसत असेल तर बूट बदलल्यावर ती थांबायला हवी. ती थांबली नाही, गुडघा सुजला, अडकल्यासारखा वाटला किंवा वळताना ‘निसटला’ असे जाणवले, तर अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवावे. वळताना आतून ‘कट’ असा आवाज आला आणि काही तासांतच गुडघा सुजला, तर मैदानावरून स्वतः चालत बाहेर येता आले तरी ती एसीएलची दुखापत असू शकते, म्हणून तपासणी होईपर्यंत पुन्हा बूट घालू नये.